आजीच्या चेहऱ्यावरचं निळं पेन

नेहा (बी-४०३): नमस्कार. आजीचा १९७१ सालचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. भाच्याने त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत निळ्या बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलंय 😭 रविवारी वर्षश्राद्ध आहे, फ्रेमला हाच फोटो हवा.

सुलभाताई (ए-१०२): अगं, कापसाला स्पिरिट लाव आणि हळूच पूस. आमच्या सोफ्यावरचं गेलं होतं.

देशपांडे काका (सी-७०१): सुलभाताई, सोफा वेगळा. फोटो घासलात तर शाई गालभर पसरेल आणि चकाकी जाईल ती वेगळीच. नेहा, मूळ फोटोला हात लावू नकोस. स्कॅनर आहे ना घरी?

नेहा: आहे काका. ब्लॅक अँड व्हाइटमध्येच स्कॅन केला, पण अक्षरं काळी दिसतायत.

देशपांडे काका: तिथेच चुकलं. पुन्हा स्कॅन कर, पण कलरमध्ये. 600 dpi, TIFF, ऑटो करेक्शन बंद. निळी शाई निळा प्रकाश परत पाठवते, लाल शोषते. म्हणून रंगीत स्कॅनच्या लाल चॅनेलमध्ये अक्षरं गडद येतात आणि निळ्यात जवळजवळ विरून जातात. फोटोत मुळात रंगच नाही, त्यामुळे चेहरा मात्र तिन्ही चॅनेलमध्ये असतो. GIMP मध्ये Colors > Components > Decompose, RGB निवड, तीन लेयर मिळतील.

मंदार (बी-२०४): पेन काळं असतं तर?

देशपांडे काका: तर ही युक्ती चालली नसती. तिन्हीत काळंच दिसतं.

नेहा: काका!! निळ्या लेयरमध्ये आजीचे डोळे दिसतायत! पण सगळा फोटो डागाळलेला, गालावर ढग आल्यासारखा.

देशपांडे काका: कागद पिवळा पडलाय ना, पिवळं निळ्यात काळवंडतं. म्हणून पूर्ण निळा लेयर वापरू नकोस. खाली लाल लेयर ठेव, वर निळा, आणि मास्क लावून फक्त अक्षरांच्या जागी निळा दिसू दे. तो आधी Levels ने बाजूच्या त्वचेइतका उजळ कर, नाहीतर अक्षरं राखाडी होऊन पुन्हा वाचता येतील.

नेहा: झालं बरंचसं. नाकाजवळ 'आ'चा काना अजून बारीक रेघेसारखा चमकतोय.

देशपांडे काका: ती शाई नाही, पोराने दाबून लिहिलंय त्याची खाच. स्कॅनरचा दिवा आडवा येऊन तिची सावली पाडतो. फोटो ९० अंश फिरवून पुन्हा स्कॅन कर, म्हणजे काना दिव्याच्या वाटेलाच समांतर येईल. उरलंच काही तर Heal ने पूस, पण डोळ्यांवर नको. तिथे मूळ रेषा निळ्या लेयरमध्ये आहेत, नव्याने काढलीस तर आजी दुसरीच दिसेल.

सुलभाताई: मग भाच्याला काय शिक्षा?

नेहा: त्याच्याकडून पेन काढून घेतलंय, पेन्सिल दिलीय 😅 काका, संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन येते, प्रिंटला द्यायच्या आधी एकदा बघा.

देशपांडे काका: ये. आणि मूळ फोटो पाकिटात घालून आण, घडी न करता.