फोडणी आणि काप: बीड, स्टील की नॉनस्टिक?

«रोजच्या फोडणीला आणि कापांना कोणतं भांडं घ्यावं? बिडाच्या कढईत फोडणी करपते, स्टीलला वांग्याचे काप चिकटतात. नॉनस्टिकच घेऊ का? – सांगली»

नॉनस्टिक घाईने घेऊ नका. मोहरी तडतडायला तेल चांगलं तापावं लागतं, आणि चमचाभर तेल मोठ्या पॅनमध्ये एका कडेला जमून बाकीचा तळ कोरडाच तापतो. साधारण २६० अंशांपुढे लेप खराब होऊ लागतो. ते धिरड्यांना, आम्लेटला ठेवा.

बीड जाड असतं, गॅस बंद केला तरी बराच वेळ तापलेलंच राहतं. त्यामुळे मोहरी तडतडली की आधी गॅस बंद करा, मग जिरं, हिंग, शेवटी हळद, आणि लगेच भाजी किंवा पाणी. हळद काळपट होऊन कडवट वास आला तर उशीर झाला. चिंचेची आमटी मात्र बिडात उकळू नका. काळी पडते आणि मुरलेला तेलाचा थरही जातो.

कापांचं दुखणं पाण्याचं आहे. कृष्णाकाठची वांगी मीठ लावल्यावर भरपूर पाणी सोडतात. दहा मिनिटांनी काप फडक्याने टिपा, मगच तिखट-रवा लावा. स्टीलचं पॅन मध्यम आचेवर रिकामं तापवा. पाण्याचा थेंब मण्यासारखा पळाला की तेल घाला, ते पातळ होऊन लहरू लागलं की काप ठेवा. तीन-चार मिनिटं हलवू नका. खालून खरपूस झाला की काप आपणच सुटतो. उलथन्याला अडला तर अजून थांबा.

एकच भांडं घ्यायचं तर जाड बुडाचं स्टील घ्या.