मदत हवी आहे: क्लायंटचा कॉल चुकला, माफीचा मेसेज बघून सांगा

मी कोथरूडला इंटिरियरची कामं करते. क्लायंट लंडनला असतात, फ्लॅट इथला. दर सोमवारी त्यांच्या सकाळी १० ला कॉल, म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली आणि साडेतीनचे झाले अडीच. मी कॅलेंडरचं निमंत्रण न स्वीकारता मोबाइलमध्ये गजर लावून ठेवलेला, तो वाजला साडेतीनलाच! तोवर त्यांचे दोन मिस्ड कॉल. लगेच उलट फोन केला, उचलला नाही. अजून मेसेज पाठवलेला नाही.

मसुदा असा:

"नमस्कार सर, आजचा १० चा कॉल माझ्याकडून चुकला. तुम्हाला थांबावं लागलं, मनापासून माफ करा. बुधवारी किंवा गुरुवारी लंडनच्या सकाळी १० ला (भारतात दुपारी २:३०) जमेल का? किचनचे दोन्ही ड्रॉइंग आज संध्याकाळपर्यंत पाठवते, म्हणजे कॉलवर थेट निर्णय घेता येईल."

वेळ बदलल्याचं कारण मुद्दाम गाळलंय, कारण निमंत्रणात बरोबर वेळ होती, चूक माझीच. नवरा म्हणतो, कारण लिही, नाहीतर बेफिकीर वाटशील. ते वयाने मोठे, वक्तशीर. लांबण आवडत नाही. ही पहिलीच चूक. ट्रॉलीची ऑर्डर शुक्रवारी द्यायची आहे, त्यामुळे कॉल पुढच्या सोमवारवर ढकलता येत नाही.

तर घड्याळाचं एक वाक्य घालू का? आणि मेसेज आत्ताच पाठवू, की आधी पुन्हा एकदा फोन करू?