जुना रहिवासी ग्रुप आणि फोटोंचा सामायिक फोल्डर काढून टाकण्याबाबत

सचिव
सर्व सभासदांना नमस्कार. कार्यकारिणीच्या सभेत ठरल्याप्रमाणे, २०१७ पासून चालत आलेला आपला जुना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि गूगल ड्राइव्हवरील फोटोंचा सामायिक फोल्डर या महिन्याच्या ३१ तारखेला काढून टाकण्यात येणार आहे. जुन्या ग्रुपमध्ये सदनिका विकून गेलेली मंडळी आणि करार संपून गेलेले भाडेकरू अद्याप आहेत, आणि पोलीस पडताळणीच्या वेळी कोणीतरी तिथेच टाकलेल्या आधार कार्डांच्या प्रती त्यांच्यासमोर पडून आहेत, हे समितीला योग्य वाटत नाही. फोल्डर माजी खजिनदारांच्या वैयक्तिक खात्यावर आहे. ते आता नाशिकला स्थायिक झाले असून, त्यांची १५ जीबीची मोफत जागा भरत आल्याने त्यांनी स्वतःच तशी विनंती केली आहे. गणेशोत्सवाचे आणि कोजागिरीचे फोटो ज्यांना हवे असतील त्यांनी तत्पूर्वी उतरवून घ्यावेत.

ए-१०२
मी तो संपूर्ण फोल्डर ‘शॉर्टकट’ म्हणून माझ्या ड्राइव्हमध्ये घेतला आहे, त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न मिटला आहे. इतरांनीही तसेच करावे.

सी-४०३
काका, शॉर्टकट ही प्रत नव्हे. मूळ फोल्डर गेला की तो तुमच्याकडे नुसता नावाला राहील आणि उघडायला गेल्यास काहीच हाती लागणार नाही. कृपया फोटो प्रत्यक्ष डाउनलोड करून घ्या.

समितीच्या निर्णयाला माझा विरोध नाही. आधार कार्डांच्या प्रती तर खरे म्हणजे त्याच दिवशी काढायला हव्या होत्या. परंतु त्या फोल्डरमध्ये केवळ गणपतीचे फोटो आहेत असे धरून चालणे आपल्याला महागात पडेल. ‘गच्ची २०२२’ या नावाचा उपफोल्डर कृपया उघडून पाहा. जुना ब्रिकबॅट कोबा फोडण्यापूर्वी चौथ्या मजल्यावरील छतांना आलेली ओल, पन्हाळीजवळच्या भेगा, आणि काम पूर्ण झाल्यावर गच्चीवर पाणी साठवून घेतलेल्या चाचणीचे रोजचे फोटो त्यात आहेत. त्या कामाची हमी पाच वर्षांची आहे आणि माझ्या छताला गेल्या पावसाळ्यापासून पुन्हा ओल येते आहे. कंत्राटदाराचे म्हणणे असे की, सोलर हीटरचे स्टँड बसवताना आपण नंतर छिद्रे पाडली, म्हणून ही गळती हमीत बसत नाही. प्रत्यक्षात चाचणीच्या फोटोंमध्ये स्टँडचे चारही पाय साठलेल्या पाण्यात उभे दिसतात, म्हणजे स्टँड काम सोपवण्यापूर्वीच तिथे होते. हा फोल्डर गेला तर आपल्या हातात काय उरेल?

बी-२०४
तेच फोटो जुन्या ग्रुपवरही टाकले होते, असे मला आठवते. मग फोल्डरची एवढी चिंता कशाला?

सी-४०३
ताई, टाकले होते, पण नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि तो कधी काढला याची आतली नोंद पुसली जाते. अँड्रॉइड फोनवर `IMG-20220611-WA0007.jpg` असे नाव दिसते खरे, परंतु त्यातली तारीख फोटो काढल्याची असेलच असे नाही. जुना फोटो आज पुढे पाठवला तर नावात आजची तारीख येऊ शकते. समोरचा माणूस वाद घालायला बसला असेल तर एवढी फट त्याला पुरेशी आहे. ड्राइव्हवर फोनमधून थेट चढवलेल्या मूळ फाइलमध्ये ती नोंद शाबूत असते, म्हणून महत्त्व त्या फाइलला आहे.

सचिव
आपला मुद्दा रास्त आहे. ग्रुपमधील संपूर्ण चर्चा मी माझ्या फोनवरून ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून सोसायटीच्या ईमेलवर घेतो आणि मगच ग्रुप काढतो.

बी-३०१
सचिव साहेब, आपण या सोसायटीत २०२३ मध्ये राहायला आलात. ग्रुपमध्ये सामील होण्यापूर्वीचे संदेश आपल्या फोनवर नाहीतच, त्यामुळे गच्चीच्या कामाविषयीचे एक अक्षरही त्या फाइलमध्ये येणार नाही. ही निर्यात पहिल्या दिवसापासून ग्रुपमध्ये असलेल्या आणि फोन बदलताना बॅकअप नीट घेतलेल्या व्यक्तीकडूनच व्हायला हवी. शिवाय एका वेळी किती संदेश जातात याला मर्यादा आहे. फोटोंसह घेतल्यास ती आणखी कमी होते आणि गळतात ते सर्वांत जुने संदेश, म्हणजे नेमके आपल्याला हवे असलेले. फाइल आली की तिची पहिली तारीख पाहावी, म्हणजे काय निसटले ते लगेच कळेल.

दुसरे असे की, ‘ग्रुप काढला’ म्हणून आधार कार्डे नाहीशी होतील असा कोणाचा समज असू नये. अ‍ॅडमिनने सर्वांना बाहेर काढून ग्रुप बंद केला तरी आलेले संदेश आणि फोटो प्रत्येकाच्या फोनवर तसेच राहतात. त्या प्रती आपापल्या गॅलरीतून पुसण्याची विनंती गेलेल्या भाडेकरूंनाही वेगळी करावी लागेल. त्यांच्यावर सक्ती करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

ए-१०२
मग फोल्डरची मालकीच सोसायटीच्या खात्याकडे वळवता येणार नाही का? म्हणजे डाउनलोड करण्याची यातायातच नको.

सी-४०३
वैयक्तिक खात्यांवर फोल्डरची मालकी वळवली तरी आतल्या फाइलींची मालकी आपोआप वळत नाही, काका. ज्याने फाइल चढवली तो तिचा मालक राहतो. आपल्या फोल्डरमध्ये यादीच्या स्वरूपात पाहिल्यास मालकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी माजी खजिनदारांचे नाव दिसते, आणि चाचणीचे काही फोटो त्या वेळच्या सुपरवायझरच्या खात्याचे आहेत. खजिनदारांनी फोल्डर काढला की त्यांच्या स्वतःच्या फाइली त्यांच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतील, पण तिथून परत आणणे फक्त त्यांनाच शक्य आहे. सुपरवायझरच्या फाइली नष्ट होणार नाहीत, मात्र त्या त्याच्याच ड्राइव्हमध्ये राहतील आणि फोल्डरमुळे मिळालेली आपली परवानगी संपेल. त्याचा नंबर आज कोणाकडे आहे का?

म्हणून संपूर्ण फोल्डर कार्यालयातील संगणकावर उतरवावा. गूगल तो अनेक झिप फाइलींमध्ये तोडून देते आणि नेट मध्येच तुटले की एखादी झिप अर्धवट येते. आपल्या कार्यालयातील नेटविषयी अधिक बोलायला नको. सगळ्या झिप उघडून फाइलींची संख्या मूळ फोल्डरशी जुळवावी आणि ‘गच्ची २०२२’ मधील प्रत्येक फोटो उघडून पाहावा. त्यानंतर एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक सोसायटीच्या खात्यावर ठेवावी.

बी-२०४
तसे असेल तर उत्सवाच्या फोटोंमध्ये लहान मुलांचे फोटो आहेत, ते सोसायटीच्या कायमच्या संग्रहात नकोत. ज्यांचे त्यांनी न्यावेत.

सचिव
सर्वांचे म्हणणे लक्षात घेऊन समितीची सुधारित सूचना अशी आहे. फोल्डर ३१ तारखेला काढला जाणार नाही. तशी विनंती मी माजी खजिनदारांना आत्ताच फोनवर केली असून त्यांनी आणखी एक महिना मान्य केला आहे. बी-३०१ मधील काका येत्या रविवारी त्यांच्या फोनवरून चर्चेची निर्यात देतील, सी-४०३ आणि मी फोल्डर उतरवून संख्या जुळवू, आणि तसा लेखी अहवाल पुढील सभेच्या इतिवृत्तात नोंदवला जाईल. उत्सवाचे फोटो संग्रहात घेतले जाणार नाहीत. जुन्या ग्रुपमधील माजी रहिवाशांना आधार कार्डांच्या प्रती पुसण्याची विनंती आज पाठवून उद्यापासून ग्रुपमधून कमी केले जाईल, कारण त्या कामाला फोल्डरसाठी थांबण्याची गरज नाही. कंत्राटदाराला द्यायच्या पत्रासोबत चाचणीचे कोणते फोटो जोडावेत हे सी-४०३ ने शनिवारपर्यंत कळवावे.