मदत हवी आहे : चष्म्याची काच वारंवार निखळते

माझ्या ॲसिटेटच्या, म्हणजे पूर्ण कडा असलेल्या जाड प्लास्टिकच्या फ्रेममधून उजवी काच वारंवार निसटते आहे. चष्मा उन्हात बंद गाडीत राहिला होता, तेव्हापासून हे सुरू झाले. काचेची उतरती धार फ्रेमच्या आतल्या खाचेत अडकून राहते. उष्णतेने ॲसिटेट मऊ होऊन ती खाच सैलावली असावी, असा माझा कयास आहे. शिवाय चष्मा रोज एका हाताने ओढून काढल्यामुळे त्या बाजूची कड आधीच ताणलेली असणार.

काच घरी गरम पाण्यात किंवा हेअर ड्रायरने फ्रेम तापवून बसवण्याचा सल्ला मिळाला, पण जास्त उष्णतेने काचेवरच्या परावर्तनरोधक लेपाला बारीक तडे जातात, म्हणून तो मी टाळला. चष्मेवाले आधी काच काढून फक्त कड नियंत्रित उष्णतेने गरम करतात, काच बसवतात आणि फ्रेम थंड होताना तिचा आकार जुळवतात, हे मला ठाऊक आहे. जाणकारांनी कृपया सांगावे : खाच इतकी सैल झाली असेल, तर अशा उपचाराने ती पुन्हा घट्ट धरते का, की फ्रेमच बदलावी लागते? आणि बसवलेल्या काचेवर ताण जास्त पडला आहे किंवा तिचा अक्ष फिरला आहे, हे दुकानातच कसे तपासून घ्यावे? माझ्या नंबरात सिलिंडर, म्हणजे ठरावीक दिशेनेच काम करणारा नंबर आहे, म्हणून काच नेमक्या कोनातच बसायला हवी.