मदत हवी आहे: वायरलेस पॅडवर ठेवलेला आईचा फोन फार तापतो

ऊनसावली
नमस्कार मंडळी. प्रश्न आईच्या फोनचा आहे. आई ६८ वर्षांची. संधिवातामुळे तिची बोटं आखडतात आणि चार्जरची पिन नीट बसवता येत नाही, म्हणून दीड वर्षापूर्वी तिला वायरलेस पॅड आणून दिलं. फोन नुसता वर ठेवायचा, बास. छान चाललं होतं.

या एप्रिलपासून मात्र सकाळी फोन कोमट नाही, चांगला गरम लागतो. आणि रात्रभर ठेवूनही बॅटरी कधी ५८ टक्के, कधी ६५. परवा रात्री अकराला भावाचा फोन आला, आईने पॅडवरून उचलला आणि पटकन गादीवर टाकला. मागच्या स्टीलच्या रिंगचा तिच्या बोटाला चटका बसला होता.

मधल्या काळात दोन गोष्टी बदलल्या. फोन हातातून निसटतो म्हणून मार्चमध्ये जाड रबरी कव्हर घेतलं. त्याला मागे बोट अडकवायची रिंग आहे आणि एक छोटा कप्पा, त्यात आई मेट्रोचं कार्ड ठेवते. शिवाय पॅडचा अडॅप्टर बिघडला, तो बर्डीवरून दीडशे रुपयांत आणला. आम्ही नागपूरला असतो, खोलीत कूलर आहे. फोन तिच्या उशाशी असतो आणि ती एकटीच झोपते, म्हणून जीव लागून राहिलाय. पॅड फेकून द्या असं कृपया सांगू नका, वायर तिला जमत नाही.

नाना
ताई, दोष त्या दीडशेच्या अडॅप्टरचाच. स्वस्त चार्जर फोनमध्ये नको तेवढा करंट ढकलतो आणि बॅटरी तापते. ओरिजिनल घ्या, प्रश्न मिटेल. तोवर फोन तापला की दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मी तेच करतो.

विद्युतकण
नाना, अडॅप्टर बदलायलाच हवा, तुमचं बरोबर आहे. पण कारण वेगळं आहे. अडॅप्टर करंट ढकलत नाही, फोन त्याला लागेल तेवढाच ओढतो. फोनच्या आत चार्जिंगचं स्वतंत्र सर्किट असतं, किती घ्यायचं ते तेच ठरवतं. बिननावाच्या अडॅप्टरची खरी भीती म्हणजे आतलं इन्सुलेशन. भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमच्या हातातले ५ व्होल्ट यांच्यामध्ये जे अंतर आणि जो अडसर हवा, तिथे पैसे वाचवलेले असतात. तो धोका शॉकचा आणि आगीचा. फोनची पाठ गरम होण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आणि फ्रिज नको. गरम फोन एकदम थंडीत गेला आणि पुन्हा नागपूरच्या हवेत बाहेर आला की आत दव धरतं. कव्हर काढून फरशीवर ठेवला तरी पुरे.

ऊनसावली, मला तीन गोष्टी सांगा. सगळ्यात गरम जागा कोणती, पाठीचा मधला भाग, कॅमेऱ्याजवळ की खाली पिनेच्या भोकापाशी? ती रिंग पाठीच्या बरोबर मध्यावर आहे का? आणि पॅडवर नसताना, खिशात नुसता पडलेला असताना फोन तापतो का?

बुलेटवाला
माझा पण सेम प्रॉब्लेम! हँडलवर फोन लावून नकाशा बघत कोल्हापूरला गेलो, चार्जिंग चालू होतं, कराडच्या पुढे स्क्रीन एकदम अंधुक झाली आणि चार्जिंगच बंद. बॅटरी बदलू का?

विद्युतकण
तुमचं कारण वेगळं. अंगावर ऊन, पूर्ण उजेडातली स्क्रीन, जीपीएस आणि चार्जिंग, असं चारही बाजूंनी फोन तापला. त्याने स्वतःला वाचवलं, बॅटरीचा दोष नाही. उन्हात चार्जिंग काढून चालवा. सावलीतही असंच झालं तर वेगळा धागा काढा.

ऊनसावली
गरम जागा पाठीचा मधला भाग, रिंग तिथेच आहे. पिनेपाशी काही नाही. नुसता पडलेला असताना फोन गार असतो.

विद्युतकण
मग पहिला संशयित ती रिंगच. पॅडमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, फोनच्या पाठीत दुसरं. पॅडच्या वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होतं आणि फोनच्या वेटोळ्यात वीज तयार होते. मध्ये स्टीलची चकती आली की तिच्यातही वीज फिरते. ती जाणार कुठे? चकती तापते. इंडक्शन शेगडीवरचं पातेलं तापतं तसंच. मध्ये धातू आला तर ओळखून थांबायची सोय पॅडमध्ये असते, पण रिंग लहान असली आणि फोनला थोडीफार वीज मिळत असली तर काही पॅडना ते कळत नाही.

दुसरं, अंतर. ही पॅडं साधारण तीनेक मिलिमीटर जाडी धरून बनवलेली असतात. तुमचं रबर, वर कार्ड, वर रिंग, म्हणजे फोन पॅडवर टेकतही नसेल, रिंगच्या टेकूवर तिरका राहत असेल. तिसरं, फोन मध्यावरून सरकलेला असणं. बाजूला एक सेंटिमीटर जरी गेला तरी पॅडला तेवढंच काम करायला जास्त जोर लावावा लागतो, फोनच्या वाट्याला कमी येतं आणि उरलेल्याची उष्णता होते. मग फोनची बॅटरी तापली की फोन चार्जिंग थांबवतो, निवल्यावर पुन्हा सुरू करतो. रात्रभर ठेवूनही ५८ टक्के, त्याचं उत्तर बहुधा हेच.

मेट्रोचं कार्ड आजच काढा. त्यातही अँटेना असते, कार्ड निकामी होऊ शकतं.

आता अंदाजावर सोडू नका, मोजा. घरात कुणी कॉम्प्युटर जाणणारं असेल तर फोनमधलं यूएसबी डिबगिंग चालू करून हे चालवायला सांगा:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `temperature: 412` असं काहीतरी दिसेल. तो आकडा दहाने भागायचा, म्हणजे ४१.२ अंश. फक्त लक्षात ठेवा, लॅपटॉपची वायर लावली की चार्जिंग तिकडून सुरू होतं. म्हणून फोन पॅडवरून उचलल्या उचलल्या, दहा-पंधरा सेकंदांत आकडा घ्या आणि वायर काढा. दर वेळी ३० टक्क्यांच्या आसपास सुरू करा, ४० मिनिटं ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

नाना
एवढा खटाटोप कशाला, `*#*#4636#*#*` डायल केलं की तापमान दिसतं.

विद्युतकण
काही फोनवर दिसतं, बऱ्याच फोनवर तो कोड उघडतच नाही. करून बघायला हरकत नाही.

ऊनसावली
कोड चालला नाही. रविवारी भाचा आला होता, त्याने दिवसभर बसून मोजलं. खोली ३३ अंश होती.

आई रोज ठेवते तसा, कव्हर-रिंग-कार्डासकट: ४४.६ अंश, चार्जिंग ९ टक्के वाढलं. कार्ड आणि रिंग काढून, कव्हर तसंच: ४१.३, वाढ १४ टक्के. कव्हरही काढून आणि फोन नीट मध्यावर ठेवून: ३७.८, वाढ २१ टक्के. शेवटी वायरने, पॅडच्याच अडॅप्टरवर: ३६.४. अडॅप्टर मात्र तेव्हा हात लावून धरता येत नव्हता!

पण दादा, कव्हर काढलं तर फोन पडणार आणि रिंग काढली तर तिला धरता येणार नाही.

विद्युतकण
भाच्याला शाबासकी द्या. बहुतेक फोन ४५ अंशांच्या आसपास चार्जिंग कापतात. तुमचा रोज त्या उंबरठ्यावर बसत होता, आणि बॅटरी सर्वात लवकर म्हातारी होते ती अशाच तापात. वायर आणि नीट ठेवलेलं पॅड यांत दीड अंशाचाच फरक आहे, म्हणजे पॅडला दोष नाही. पॅड ठेवा.

पातळ कव्हर घ्या आणि रिंगऐवजी मनगटात अडकवायची दोरी लावा, ती कव्हरच्या कोपऱ्यातल्या भोकात बसते. मध्य शोधायची युक्ती अशी: फोन पॅडवर ठेवून हळूहळू डावीकडे सरकवा, चार्जिंगची खूण जाईल तिथे पेन्सिलने रेघ मारा. मग उजवीकडे तसंच. दोन्हींच्या मधोमध खरी जागा. वर-खालीही तेच करा. कित्येक फोनचं वेटोळं पाठीच्या बरोबर मध्यावर नसतं. जागा सापडली की पॅड एका फळीवर चिकटवा आणि फोनच्या खालच्या व डाव्या कडेला लाकडी पट्टी लावा. आईने पट्ट्यांना टेकवून ठेवला की झालं, बघावंही लागणार नाही.

अडॅप्टर बदलाच. नव्यावर बीआयएसचं चिन्ह आणि R- ने सुरू होणारा नंबर असतो, तो `BIS Care` ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. अडॅप्टरवरचं नाव तेच आहे का बघा.

नाना
एक शंका. हल्ली चुंबकाची रिंग असलेली वायरलेस कव्हरं मिळतात. तीही धातूच, मग ती कशी तापत नाही?

विद्युतकण
चांगला प्रश्न. ते चुंबक वेटोळ्याच्या भोवती गोल मांडलेले असतात, त्याच्यावर नाही. आणि ते फोनला आपोआप मध्यावर ओढतात. २०२३ साली आलेल्या Qi2 या वायरलेस चार्जिंगच्या मानकात तीच सोय आहे. ऊनसावलींच्या पॅडमध्ये आणि फोनच्या कव्हरमध्ये असे चुंबक असते तर पट्ट्या लागल्या नसत्या.

सांगलीचा कारागीर
मी मोबाइल दुरुस्ती करतो, वीस वर्षं झाली. वरचं सगळं पटलं, पण एक गोष्ट कुणीच विचारली नाही. महिनाभर रोज ४४-४५ खाल्लेली बॅटरी फुगली आहे का? कव्हर काढून फोन काचेच्या टेबलावर ठेवा, एका कोपऱ्यावर हलकं बोट ठेवा. डुगडुगतो का?

नुसता गरम फोन घेऊन येणाऱ्याला मी घाबरवत नाही. पण चार्जिंगला नाही, वापरात नाही आणि तरी गरम. स्क्रीनची कड उचललेली. नेलपॉलिशसारखा गोडसर वास. नाहीतर फक्त पिनेचं भोक तापतंय आणि आत तपकिरी डाग. यातलं एक जरी दिसलं तर चार्जिंग बंद, फोन बंद, गादीपासून दूर फरशीवर. एक गिऱ्हाईक पाठ उचललेला फोन हाताने दाबून, रबरबँड लावून महिनाभर वापरत होते. मी उघडला तेव्हा बॅटरीची पिशवी उशीसारखी झाली होती. ती दाबायची नसते, टोचायची तर मुळीच नाही.

ऊनसावली
काचेवर ठेवला. थोडा डुगडुगतोय!! वास वगैरे काही नाही.

सांगलीचा कारागीर
थांबा, घाबरू नका. कॅमेरा वर आलेला असतो, त्यावरही डुगडुगतो. पालथा ठेवा, स्क्रीन काचेवर. आणि अंधारात स्क्रीन चालू करून कडेने बघा, कुठून उजेड फटीतून येतोय का.

ऊनसावली
पालथा ठेवला तर स्थिर आहे. पण उजव्या कडेला मधोमध पाठीचं झाकण आणि फ्रेम यांच्यात नख जाईल एवढी फट वाटतेय. भाचा म्हणतो पहिल्यापासून होती, मला आठवत नाही.

विद्युतकण
इथे बसून आम्हाला सांगता येणार नाही. पहिल्यापासून असेलही.

सांगलीचा कारागीर
असेलही, पण उशाशी ठेवण्याइतकी खात्री नाही. उघडून बघितल्याशिवाय मी चार्जिंगला लावला नसता. उघडताना बॅटरी बाहेर काढून तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा.

ऊनसावली
फोन बंद करून बाल्कनीत फरशीवर ठेवलाय, सावलीत. उद्या सकाळी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेते. आईला तोवर माझा जुना फोन दिला, भाच्याने दुपारीच त्याच्या मापाने फळीवर पट्ट्या ठोकल्या. आत्ता तिने स्वतः ठेवून बघितला, पहिल्या झटक्यात चार्जिंग लागलं. सेंटरवाले काय म्हणतात ते इथेच लिहिते.