रेसिडेंटला लेखी फीडबॅक कसा द्यायचा? परवापर्यंत हवाय

युनिट_तीन: आमच्या जेआर-2 चं तिमाही अप्रेजल झालं. पेशंट केअरला 9 पैकी 3 दिलेत. एचओडी म्हणतात, नुसते आकडे नकोत, एक पान लिहून दे, त्यावर त्याची सही घेऊ. माझा मसुदा असा: "कामात लक्ष नाही. बेजबाबदार. वाचन कमी. सुधारणा अपेक्षित." वाचून माझं मलाच पटेना. कोणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका.

सायली_मिरज: ब्रांच कोणती? झालंय काय नेमकं?

जुनाखोड: सोपं आहे. आधी कौतुक, मधे चूक, शेवटी परत कौतुक. एचआरमध्ये आयुष्य गेलं, कधी फसलं नाही.

रातपाळी: जुनाखोड, मला असंच पान मिळालं होतं. मी खुशीत चहा प्यायला गेलो. ते झापणं होतं हे पुढच्या टर्मला कळलं! युनिट_तीन, "बेजबाबदार" म्हणजे कोणत्या रात्री, काय?

युनिट_तीन: मेडिसिन, आयसीयू पोस्टिंग. मला वाटलं हे कळेलच. किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम 6.8 आलं. रात्री 1 वाजता त्याने कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग 10 युनिट इन्शुलिन आणि 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज 100 मिली. त्यानंतर शुगर कोणी बघितलीच नाही. साडेचारला सिस्टरना पेशंट घामाने थबथबलेला दिसला, शुगर 46. पेशंट सावरला. पण सकाळच्या हँडओव्हरमध्ये यातलं अक्षरही नाही, मला सिस्टरकडून कळलं. असं गाळणं याआधीही दोनदा झालंय.

लेकीची_आई: माझी मुलगी जेआर-1 आहे. सलग ड्युट्या, मेसचं जेवण तसलं, स्टायपेंड कधी वेळेवर नाही. त्या पोराला आधी झोपू द्या, मग कागद द्या.

डॉ_खाडीकाठ: तीन हा निकाल देऊन झालाय. त्याचं समर्थन करायला पान लिहू नका, नाहीतर ते आरोपपत्र होतं. लिहिण्याआधी त्याच्यासमोर बसा आणि विचारा, 1 ते साडेचार काय झालं? किडनी खराब असली की इन्शुलिन शरीरात रेंगाळतं, डेक्स्ट्रोज आधी संपतं, म्हणून पुढचे पाच-सहा तास दर तासाला शुगर बघावी लागते. हे त्याला माहीतच नव्हतं? की माहीत होतं पण ऑर्डर लिहिली नाही? की ताईंनी म्हटलं तसं, डोळेच मिटत होते? तिन्हींचे उपाय वेगळे. "वाचन कमी" हा शेरा फक्त पहिल्याला लागू पडतो.

कॅल्शियम आधी दिलं हे बरोबर होतं, तेही लिहा. कौतुक म्हणून नाही, घाबरून पुढच्या वेळी तेच चुकवू नये म्हणून. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर मात्र नको. आणि एक सांगा, पोटॅशियमची ही भानगड होऊन किती दिवस झाले? मधे त्याला काही बोललात?

युनिट_तीन: सात आठवडे. नाही बोललो. ओपीडी, कॉन्फरन्स, राहून गेलं.

डॉ_खाडीकाठ: मग तेही पानात येऊ द्या.

रातपाळी: स्वतःची चूक सहीच्या कागदावर? उद्या तोच कागद घेऊन कोणी कोर्टात गेलं तर? मी तरी तोंडीच सांगेन.

डॉ_खाडीकाठ: तोंडी सांगितलेलं दोघांना दोन तऱ्हेने आठवतं. असो, तुमची भीती अगदीच खोटी नाही.

युनिट_तीन: आज अर्धा तास बसलो. शुगरचं त्याला पक्कं माहीत होतं. सिस्टरना तोंडी सांगितलं होतं म्हणाला, आणि दहा मिनिटांत शेजारच्या बेडवर सीपीआर सुरू झाला. ऑर्डर शीट कोरीच राहिली. हँडओव्हरमध्ये का नाही, यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, सगळ्यांसमोर राउंडवर ऐकून घ्यावं लागतं." हे मला लागलं.

नवा मसुदा: "हायपरकलेमिया वेळेत ओळखला, उपचारांचा क्रम योग्य. इन्शुलिननंतर तासातासाच्या शुगरची लेखी ऑर्डर नव्हती, साडेतीन तासांनी शुगर 46 मिळाली. ही घटना हँडओव्हरमध्ये सांगितली नाही. पुढील चार आठवडे: इन्शुलिन देतानाच शुगरच्या वेळा ऑर्डर शीटवर लिहिणे, रात्री घडलेलं अनपेक्षित सकाळी सर्वांत आधी सांगणे. आठवड्यातून एक हँडओव्हर मी स्वतः ऐकेन आणि त्याच दिवशी बोलेन. हे सात आठवडे आधी सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं."

सायली_मिरज: हे पान पुढच्या युनिटच्या सरांना दाखवणार?

डॉ_खाडीकाठ: दाखवावं. नाहीतर तिथे पहिल्यापासून सुरुवात.

रातपाळी: अजिबात नको. पहिल्याच दिवशी "तोच का तो" होतं.

युनिट_तीन: त्यालाच विचारतो. एचओडींनी शेवटची ओळ काढायला सांगितलीय, ते वेगळंच.