मदत हवी आहे: मिक्स्ड मेथड्स का घेतलं, हे मेथडॉलॉजी चॅप्टरमध्ये कसं मांडू?

मंडळी, मी खानापूरचा, पीएचडीचा विषय १८ ते २५ वयाच्या पोरांची धार्मिकता. सर्व्हे आणि इंटरव्ह्यू दोन्ही घेतोय, पण गाईड म्हणतात "दोन्ही पद्धतींच्या उणिवा भरून निघतात" हे कारण कुणीही लिहील, तुझं सांग. पटलं.

माझं कारण पायलटमध्ये सापडलं. निपाणीच्या एका पोरानं "देवळात किती वेळा जाता" ला "कधीच नाही" टिक केलं आणि फॉर्म परत देताना म्हणतो, सर लवकर घ्या, पौर्णिमेला आईला घेऊन यल्लम्माच्या डोंगरावर जायचंय, दरवर्षी जातो. त्याच्या लेखी ते घरचं काम, धर्म नव्हे! सॅम्पल कितीही वाढवलं तरी ही गोष्ट आकड्यात दिसणार नाही.

म्हणून आधी सर्व्हे, मग स्कोअर कमी पण जत्रेला नेमानं जाणारे निवडून त्यांचे इंटरव्ह्यू, असं एक्स्प्लनेटरी सिक्वेन्शियल लिहिलंय. आता शंका अशी की प्रश्नच चुकीचा समजला जात असेल तर इंटरव्ह्यू आधी घेऊन त्यातून प्रश्नावली बनवायला नको का, म्हणजे एक्स्प्लोरेटरी? की आठ-दहा जणांना फक्त "या प्रश्नाचा अर्थ काय लावलास" एवढं विचारून, मराठी आणि कन्नड दोन्ही फॉर्म दुरुस्त करून आहे तेच डिझाईन ठेवू? व्हायवात कुठलं टिकेल? कुणी असं केलं असेल तर सांगा.